सहलीची वर्गणी काढताना भागायचं कितीने? ३८ ने की ४२ ने?

गोदाकाठ
नमस्कार मंडळी,

मी येवला तालुक्यातल्या एका शाळेत शिकवतो. सातवीची एक दिवसाची सहल वेरूळ आणि दौलताबादला न्यायची आहे आणि हिशेबाची वही या वर्षी माझ्याकडे आली आहे. आतापर्यंत ३८ मुलांची नावं आली आहेत. परवानगीसाठी दहा मुलांमागे एक शिक्षक दाखवावा लागतो, म्हणून आम्ही चौघं, त्यात दोन मॅडम. म्हणजे एकूण ४२ माणसं.

आत्तापर्यंत हाती आलेले आकडे असे:

खासगी बस, ४५ आसनी: ५५ रुपये किलोमीटर, दिवसाला किमान ३०० किलोमीटर धरणार, म्हणजे १६,५००. (आमचं जाऊन-येऊन अंतर सव्वादोनशेच्या आसपास भरतं, तरीही ३०० चेच पैसे.)
ड्रायव्हरचा भत्ता ५००, टोल आणि पार्किंग अंदाजे ६००.
खुलताबादजवळ एक कृषी पर्यटन केंद्र आहे, मुलांना दुपारनंतर तिथे न्यायचं आहे. मुलाला १२०, मोठ्यांना १५०. तीस मुलांमागे एक शिक्षक मोफत.
नाश्ता ४०, जेवण १३०, संध्याकाळचा चहा-बिस्किट २०, म्हणजे माणशी १९०.
पाण्याचे जार, प्रथमोपचार पेटी, ड्रायव्हर-क्लीनरचा चहा-नाश्ता वगैरे किरकोळ ६००.

मुख्याध्यापिका बाईंचं म्हणणं, सगळ्याची बेरीज करा, ४२ ने भागा, जेवढे येतील तेवढे मुलांकडून घ्या. मला ते पटत नाहीये, पण नेमकं कुठे अडतंय ते त्यांना समजावून सांगता येत नाहीये. शिवाय "एक शिक्षक मोफत" हे कुठे आणि कसं वजा करायचं? नोटीस सोमवारी काढायची आहे. कुणी मदत कराल का?

तळ्यात_मळ्यात
सर, सोपं आहे. बसचे सगळे मिळून १७,६००. सीटा ४५. म्हणजे सीटला ३९१. त्यात केंद्राचे १२० आणि खाण्याचे १९० मिळवा, ७०१ होतात. शिक्षक मोफत आहेत, त्यांचा प्रश्नच येत नाही. मुलांकडून ७०० घ्या, विषय संपला. बसचा खर्च वेगळा आणि माणशी खर्च वेगळा ठेवायचा, एवढंच लक्षात ठेवा. बेरीज करून एकदम भागायला गेलं की गोंधळ होतो.

सातारी_कंदी
वेरूळ आणि दौलताबादचं तिकीट कुठे आहे यात? का धरलं नाही?

गोदाकाठ
@सातारी_कंदी, दोन्ही ठिकाणं पुरातत्त्व खात्याकडे आहेत. १५ वर्षांखालच्या मुलांना तिकीट नाही. सातवीची सगळी मुलं बारा-तेरा वर्षांची आहेत, म्हणून शून्य धरलं.

हिशेबी_काका
मी शाळेच्या कार्यालयात बरीच वर्षं काढली आहेत, सहलीच्या वह्या लिहिल्या आहेत, म्हणून थोडं सविस्तर लिहितो.

आधी सुटलेली रक्कम. मुलांना तिकीट नाही हे बरोबर, पण तुम्हा चौघांना आहे. वेरूळला ४० आणि दौलताबादला २५, म्हणजे शिक्षकामागे ६५, चौघांचे २६०. इथे उलटाच प्रकार आहे बघा, मुलं मोफत आणि शिक्षकांना तिकीट.

आता तुमची बेरीज करू.

बस, भत्ता, टोल: १७,६००
केंद्र, ३८ मुलं × १२०: ४,५६०
केंद्र, तीन शिक्षक × १५० (चौथे मोफत): ४५०
वेरूळ-दौलताबाद, शिक्षकांचं तिकीट: २६०
खाणं, ४२ × १९०: ७,९८०
किरकोळ: ६००
एकूण ३१,४५०

"एक शिक्षक मोफत" हे इथेच वजा झालं. चारऐवजी तिघांचं तिकीट लावलं, बस, एवढाच त्याचा अर्थ. त्या शिक्षकाचं जेवण, बसमधली जागा, वेरूळचं तिकीट यांतलं काहीही मोफत झालेलं नाही. आणि अडतीस मुलं असली तरी मोफत शिक्षक एकच, दुसरा साठ मुलं झाल्यावर मिळतो.

आता भागायचं कितीने. ३१,४५० भागिले ४२ केले की ७४९ येतात. बाई ते ७५० करतील. पण ७५० देणार कोण? ३८ जण. ३८ गुणिले ७५० म्हणजे २८,५००. तूट २,९५०. त्या भागाकारात चार शिक्षकांचाही वाटा आहे आणि तो वाटा कुणीच भरत नाहीये, म्हणून एवढं कमी पडतं. बाईंना इतकंच विचारा, "पावत्या किती फाडायच्या?" ३८ पावत्या फाटणार असतील तर ३८ नेच भागायचं. ८२७ रुपये ६३ पैसे येतात.

@तळ्यात_मळ्यात, बस वेगळी आणि माणशी खर्च वेगळा ठेवा ही तुमची गोष्ट अगदी योग्य आहे, त्यावर पुढे लिहितोच. पण ४५ ने भागलंत तिथे गडबड झाली. रिकाम्या तीन सीटा आणि शिक्षकांच्या चार सीटा यांचे पैसे बसवाला सोडत नाही. ७०१ ने ३८ मुलांचे २६,६३८ जमतील, ४,८१२ कमी पडतील.

तळ्यात_मळ्यात
हो, रिकाम्या सीटांचं लक्षात नव्हतं आलं. पण मग शिक्षकांचा भार मुलांवर टाकणं बरोबर आहे का? माझ्या मुलीच्या शाळेत शिक्षक स्वतःचे पैसे भरतात असं ऐकलंय.

मनीषा_प
माझा प्रश्न थोडा वेगळा आहे. माझा मुलगा गेल्या वर्षी सहलीच्या आदल्या रात्री तापाने फणफणला, गेलाच नाही. ९०० भरले होते. शाळेने २०० परत दिले. मी भांडले नाही, पण वाईट वाटलं. मुलगा बसमध्ये बसलाच नाही तर त्याच्यावर खर्च कसा काय झाला? सर, तुमच्या नोटिशीत हे आधीच लिहा प्लीज.

हिशेबी_काका
मनीषाताई, तुमचा प्रश्न वेगळा नाही. याचं उत्तर याच हिशेबात आहे.

खर्चाचे दोन ढीग करायचे. एक ढीग असा, की मूल आलं तर लागतो, नाही आलं तर वाचतो. सरांच्या सहलीत तो १२० चं तिकीट आणि १९० चं खाणं, मुलामागे ३१० रुपये. दुसरा ढीग असा, की तीस मुलं आली काय, चाळीस आली काय, तेवढाच राहतो: बस, शिक्षकांचं खाणं आणि तिकीट, किरकोळ. ३१,४५० मधून मुलांचे ११,७८० काढले की उरतात १९,६७०.

म्हणजे वर्गणी = ३१० + (१९,६७० ÷ पैसे भरणारी मुलं).

सरांच्या सहलीत एखादं मूल आदल्या रात्री गळलं तर वाचतात फार तर ३१०. तेही जेवणाची संख्या हॉटेलवाल्याला कळवलेली नसेल तर. १३० चं ताट आधीच सांगितलं असेल तर वाचतात फक्त १८०. ५१८ तर दुसऱ्या ढिगात, म्हणजे मुख्यतः बसमध्ये, गेलेलेच असतात, ती सीट रिकामी गेली तरी. तुमच्या शाळेने २०० दिले त्यात फसवणूक असेलच असं नाही. पण हे भरतानाच सांगायला हवं होतं, ते त्यांचं चुकलं.

मनीषा_प
असं कुणी समजावून सांगितलं असतं तर मनात राहिलं नसतं. धन्यवाद काका.

लालपरी_प्रेमी
खासगी बस कशाला? एसटी घ्या! महामंडळ शाळेच्या सहलींना भाड्यात ५० टक्के सवलत देतं. मुख्याध्यापकांचं पत्र, मुलांची यादी आणि शिक्षण विभागाची परवानगी घेऊन डेपोत जायचं. आमच्या गावची शाळा दर वर्षी एसटीनेच जाते. ड्रायव्हर रस्ते पाठ असलेले, आणि गाडी बंद पडली तर जवळच्या डेपोतून दुसरी येते. खासगीवाला त्या वेळी फोन उचलत नाही.

गोदाकाठ
डेपोत विचारलं होतं. आमच्या तारखेला गाडी देता येईल की नाही हे आठवडाभरात सांगतो म्हणाले. डिसेंबर-जानेवारीत सगळ्याच शाळा मागतात.

लालपरी_प्रेमी
मग तारीख हलवा, गाडी हलवू नका. आठवड्याच्या मधला वार घ्या, शनिवार सोडून.

गोदाकाठ
तसंच करतोय, मंगळवार ठरवत होतो.

सातारी_कंदी
थांबा! मंगळवारी वेरूळ बंद असतं. अजिंठा सोमवारी बंद, वेरूळ मंगळवारी. दौलताबाद उघडं असेल, पण कैलास लेणं न बघता मुलांना परत आणणार का? तारीख बदला आणि बदललेली तारीख केंद्राला आणि हॉटेलवाल्याला पण कळवा.

गोदाकाठ
फार फार आभार. बुधवार करतो. हे लक्षातच आलं नसतं.

हिशेबी_काका
एसटीच्या सल्ल्याशी सहमत. तो महत्त्वाचा का आहे हे आकड्यांतूनच बघा. केंद्राने दिलेल्या मोफत शिक्षकामुळे सरांचे १५० वाचले. ३८ मुलांत वाटले की मुलामागे चार रुपये. आता समजा एसटीमुळे बसच्या खर्चात पाच हजार कमी झाले, तर मुलामागे १३२ रुपये कमी होतात. सहलीची ठिकाणं निवडताना शाळा "तिथे दोन शिक्षक मोफत आहेत" म्हणून भुलतात. त्यापेक्षा बसच्या दरावर एक तास घालवलेला परवडतो.

डेपोतून आकडा लेखीच घ्या. खासगी घेतलीत तर त्याच्याकडूनही लेखी घ्या: किमान किलोमीटर किती, मोजणी त्याच्या गॅरेजपासून की शाळेच्या फाटकापासून, टोल-पार्किंग कोणाचं, कर धरलेला आहे का. गाडी मनमाडहून येणार असेल आणि मोजणी गॅरेजपासून असेल, तर जाता-येता तेही किलोमीटर तुमच्या खात्यात येतात. तुमच्या बाबतीत ३०० च्या आत असल्यामुळे बहुधा फरक पडणार नाही, पण लांबच्या सहलीत पडतो.

आणि एक गोष्ट आवर्जून विचारा: ४५ मध्ये क्लीनरची सीट धरली आहे का? धरली असेल तर तुमच्या हाती ४४ च.

पावसाळी_ढग
एवढं काय सीटांचं? सातवीची मुलं बारीक असतात. दोघांच्या सीटवर तिघं बसवा, पन्नास मुलं न्या, वर्गणी आपोआप खाली येईल. आमच्या वेळी मधल्या जागेत स्टुलं टाकून नेलं होतं, काही झालं नाही.

हिशेबी_काका
असं कृपा करून करू नका. गाडीच्या नोंदणीपत्रात जेवढी आसनं लिहिली आहेत तेवढीच माणसं. त्यापेक्षा एक जास्त बसवलं आणि घाटात काही झालं तर विमा कंपनी पहिला प्रश्न तोच विचारते. दौलताबादहून खुलताबादकडे जाताना घाटच आहे. आणि परवानगीच्या अर्जावर सही मुख्याध्यापिका बाईंची असते. हा मुद्दा मी चर्चेलाच ठेवणार नाही.

पण तुमच्या म्हणण्यातून एक खरी गोष्ट निघते, ती सरांनी आज रात्रीच बघावी. मुलं वाढली की वर्गणी कमी होते, पण किती मुलांपर्यंत?

३८ ला ८२८. आणखी दोन मुलं आली, ४० झाली, तर ८०२. चाळीस मुलं आणि चार शिक्षक मिळून ४४, गाडीत बसतात. आता एक्केचाळिसावं मूल आलं. दहामागे एक शिक्षक या हिशेबाने पाचवा शिक्षक लागला. ४६ माणसं झाली आणि गाडी ४५ ची. म्हणजे दुसरी गाडी आली. समजा १७ आसनी टेम्पो ट्रॅव्हलर ९,००० ला मिळाली. पाचव्या शिक्षकाचे ४०५ धरा. वर्गणी जाते १,०१९ वर. एका मुलामुळे चाळीस जणांचे दोनशे-दोनशे रुपये वाढले.

आणि मग ते कधी खाली येतं? दोन्ही गाड्या मिळून ६२ जागा. ५६ मुलं आणि सहा शिक्षक घेऊन गच्च भरल्या तरी वर्गणी ८३६. म्हणजे चाळीस मुलांच्या ८०२ ला कधीच पोचत नाही. म्हणून नोटिशीत "प्रथम चाळीस नावं" असं लिहा, आणि त्यापुढची नावं वेगळ्या पानावर घ्या. एकूण नावं पंचेचाळीस-पन्नासवर अडकली तर दुसरी गाडी करू नका. ती ऐंशीच्या जवळ जात असतील तरच दुसरी मोठी बस.

गोदाकाठ
काका, हे वाचून वही घेऊन बसलो. आमच्या वर्गात ४७ मुलं आहेत. बाई म्हणतात कुणाला नाही म्हणायचं नाही, सगळ्यांना न्यायचं.

हिशेबी_काका
मग आधी बसवाल्याला विचारा, त्याच्याकडे ४५ पेक्षा मोठी गाडी आहे का. ४७ मुलं आणि पाच शिक्षक, ५२ जागा लागतील. तीन-दोन आसनांच्या मोठ्या बस मिळतात. किलोमीटरला सात-आठ रुपये जास्त पडले तरी दोन गाड्यांपेक्षा स्वस्त पडेल. ३०० किलोमीटरवर आठ रुपये म्हणजे २,४००, टेम्पो ट्रॅव्हलरचे ९,००० कुठे! फक्त तीन-दोनमध्ये मुलं दाटीवाटीने बसतात, लांबच्या पल्ल्याला त्रास होतो. दोनशे-सव्वादोनशे किलोमीटरला चालेल.

आजीची_गोधडी
मी जिल्हा परिषद शाळेत शिकवते. आमच्याकडे दर वर्षी दोन-तीन मुलं अशी असतात, की आठशे रुपये म्हटल्यावर घरी चिठ्ठीच देत नाहीत. दप्तरात ठेवतात. मग विचारलं की सांगतात, "मला गाडी लागते, मला नाही यायचं." आम्हाला कळतं. त्यांना मोफत न्यायचं म्हटलं की सहकारी म्हणतात बाकीच्यांवर बोजा पडतो. काका, हा बोजा खरंच किती पडतो?

हिशेबी_काका
मॅडम, गाडीत जागा रिकामी असेल तर फार थोडा. सरांचेच आकडे घेऊ. समजा ३८ पैकी ३६ पैसे भरतात आणि दोघं नाही भरू शकत. त्या दोघांना नेलंच नाही तर बाकीच्या ३६ ना पडतात ८५६. नेलं तर पडतात ८७४. फरक सतरा-अठरा रुपयांचा, कारण त्या दोघांमुळे प्रत्यक्ष वाढणारा खर्च ३१० प्रमाणे ६२० च आहे. बस जाणारच होती, शिक्षक जाणारच होते.

म्हणून कुणाला मदत करायची असेल तर "एका मुलाची ८२८ वर्गणी भरा" असं मागण्याऐवजी "६२० रुपये द्या, दोन मुलं येतील" असं मागितलं तर लगेच देणारं कुणीतरी निघतं. फक्त गाडी भरलेली नसली पाहिजे. भरलेल्या गाडीत तोच हिशेब लागू होत नाही.

आजीची_गोधडी
सहाशेवीस! हे मी उद्याच स्टाफरूममध्ये फळ्यावर लिहिते. आम्ही सहा जणी आहोत, एकीला साधारण शंभर रुपये.

तळ्यात_मळ्यात
माझा मघाचा प्रश्न राहिला. शिक्षकांचे पैसे कुणी द्यायचे?

हिशेबी_काका
आकडा सांगतो, निर्णय सांगत नाही. चौघांचं खाणं ७६०, केंद्राचं तिकीट ४५०, वेरूळ-दौलताबादचं २६०, असे १,४७०. मुलामागे ३९ रुपये पडतात. शिक्षकांनी एवढं स्वतः भरलं तर वर्गणी ७८९ होईल. बसचा वाटा शिक्षकांकडून मागण्यात मला अर्थ वाटत नाही, कारण ते नसते तरी बस तेवढ्यालाच आली असती.

आजीची_गोधडी
पण आम्ही तिथे फिरायला जात नाही हो. पहाटे पाचला हजेरी, रात्री शेवटचं मूल पालकांच्या हाती देईपर्यंत जबाबदारी. जेवताना ताट हातात आणि डोळे मुलांवर. कामावर असलेल्या माणसाने स्वतःच्या जेवणाचे पैसे भरून काम करायचं?

मनीषा_प
पालक म्हणून सांगते, ३९ रुपये द्यायला माझी काही हरकत नाही. पण पावतीत लपवू नका. "यात शिक्षकांचा खर्च समाविष्ट आहे" असं एक वाक्य लिहिलं तर कुणी बोलणार नाही.

तळ्यात_मळ्यात
मला वाटतं शाळेच्या निधीतून जावं. पालकांनी नाही आणि शिक्षकांनीही नाही.

गोदाकाठ
निधीचं संस्थेला विचारावं लागेल. सध्या ८२८ मध्येच धरतोय. आता मुलं गळण्याचं काय करू? गेल्या वर्षी सहावीची नावं ४० आली आणि पैसे ३४ जणांनी भरले.

हिशेबी_काका
म्हणूनच वर्गणी आलेल्या नावांवर ठरवू नका, खात्रीच्या संख्येवर ठरवा. ३५ धरा. वर्गणी येते ८७२, नोटिशीत ८७५ लिहा. मग दोन हप्ते करा. पहिला ५६५, हा बसचा आणि शिक्षकांचा भाग, परत मिळणार नाही असं ठळक लिहा. दुसरा ३१०, हा सहलीच्या चार दिवस आधी, आणि मूल आलं नाही तर त्यातलं जे वाचेल ते परत. मनीषाताईंचा प्रश्न यात आधीच सुटतो. आणि पहिला हप्ता किती जणांनी भरला यावरून तुम्हाला खरी संख्या बस पक्की करायच्या आत कळते. तिशीच्या खाली गेली तर सहलच पुन्हा बघायला लागेल. तीस मुलं आणि तीन शिक्षक धरले तरी ९५२ पडतात.

गोदाकाठ
आणि ३८ आली तर पैसे उरतील ना?

हिशेबी_काका
हो, १,८०० उरतात. मुलामागे ४७.

सातारी_कंदी
परत करा. मुलाच्या हातात पाकिटात. पुढच्या वर्षी सगळे पालक पहिल्याच दिवशी पैसे भरतील.

तळ्यात_मळ्यात
४७ रुपये परत करत बसण्यापेक्षा परतीच्या वाटेवर सगळ्यांना ऊसाचा रस पाजा. मुलं जास्त खूश होतील.

आजीची_गोधडी
किंवा चिठ्ठी दप्तरात ठेवणाऱ्या दोघांसाठी वापरा.

लालपरी_प्रेमी
खाण्याबद्दल एक सांगतो, माझा भाऊ हायवेवर हॉटेल चालवतो. नाश्त्याचा दर माणशी ठरलाय की प्लेटीवर, ते आधी स्पष्ट करा. ग्रुप आला की पोऱ्या हौदाजवळ उष्ट्या प्लेटींची चवड लावतो आणि बिल करताना तीच मोजली जाते. मुलं पोहे दुसऱ्यांदा घेतात, काही जण नवी प्लेट घेतात. ४२ माणसांच्या सहज पंचावन्न प्लेटी होतात. तेरा प्लेटी जास्त, ४० प्रमाणे ५२० रुपये गेले. भाऊ स्वतः सांगतो, "माणशी ठरवा आणि पोट भरेपर्यंत ठरवा." जेवणाचंही तसंच, थाळी मर्यादित की पोटभर. ड्रायव्हर-क्लीनरचं जेवण बहुतेक हॉटेलवाले ग्रुपसोबत घेत नाहीत, पण विचारून ठेवा.

हिशेबी_काका
हे फार कामाचं. असा खर्च वहीत कुणी लिहीत नाही आणि शेवटी किरकोळमध्ये ढकलतात. सर, तुमचे किरकोळचे ६०० त्यातच जातील.

वेरूळच्या खिडकीवर द्यायला मुलांची जन्मतारखेसह यादी शाळेच्या लेटरहेडवर, शिक्क्यासह, दोन प्रतींत घ्या. सातवीत एखादं मूल उंच असतं आणि खिडकीवरचा माणूस वय विचारतो. यादी असली की वाद होत नाही आणि रांगेतली वीस मिनिटं वाचतात. दौलताबादला चढायला जेवढा उजेड मिळेल तेवढा हवा असतो.

गोदाकाठ
यादी आजच टाईप करायला देतो. बाईंशी बोललो. पावत्यांचा प्रश्न विचारल्यावर त्या थोडा वेळ गप्प राहिल्या, मग म्हणाल्या, "३५ वर काढा, पण सत्तेचाळीसच्या सत्तेचाळीस मुलांना चिठ्ठी द्या." मोठ्या बसचा दर उद्या येतोय, डेपोचं उत्तर शुक्रवारी. शिक्षकांच्या खर्चाचं संस्थेच्या बैठकीत मांडणार आहेत, ती बैठक सहलीनंतर आहे.

हिशेबी_काका
मोठ्या बसचा दर आला की इथे टाका. ४७ मुलं, पाच शिक्षक धरून पुन्हा मांडू. तोपर्यंत नोटीस थांबवू नका, पहिल्या हप्त्याच्या ५६५ ची काढा.